गृहकर्जाचा दर फिक्स करून घ्यायचाय? अर्ज करण्याआधी बँकेला हे पत्र द्या

शाळेत शिकवणाऱ्या माणसाकडे गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. पाथरीत आमच्याकडेही येतात. कुणाला रेशनकार्डात नाव घालायचं असतं, कुणाला मुलाच्या शिष्यवृत्तीचं काम असतं. गेल्या काही महिन्यांत मात्र एका वेगळ्याच कामासाठी दोन-तीन जण येऊन गेले. गृहकर्जाचा व्याजदर ‘फ्लोटिंग’वरून ‘फिक्स’ करून द्या, असा अर्ज बँकेला लिहायचा होता. त्यापैकी एक आमचे शेजारी. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. असरची नमाज झाल्यावर बँकेचे कागद पिशवीत घालून ते आले आणि बसता बसता म्हणाले, “सर, हप्ता तो भररे, पन कर्ज कम नै होरा.”

त्यांची तक्रार खोटी नव्हती. कागद बघितल्यावर आम्ही अर्ज लिहायचं थांबवलं आणि त्याऐवजी एक पत्र लिहिलं. अर्ज आणि पत्र यांत काय फरक आहे ते पुढे येईलच. पण आधी त्यांचं कर्ज कमी का होत नव्हतं, ते समजून घेऊ. ते कळल्याशिवाय फिक्स करणं फायद्याचं की तोट्याचं, हे ठरवता येत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी घर बांधण्यासाठी १५ लाख रुपये घेतले. मुदत २० वर्षे, म्हणजे २४० हप्ते. दर ७ टक्के आणि हप्ता ११,६२९ रुपये. मंजुरीपत्रात दर असा लिहिला होता: रेपो दर अधिक ३ टक्के. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर. तेव्हा तो ४ टक्के होता, म्हणून ४ आणि ३ मिळून ७. वरच्या ३ टक्क्यांना बँकेच्या भाषेत ‘स्प्रेड’ म्हणतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं अशाच एखाद्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो निवडला. बाहेरचा दर हलला की निदान तीन महिन्यांतून एकदा तुमचाही दर बदलतो.

आणि तो हललाच. ४ मे २०२२ पासून ८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांत, रिझर्व्ह बँकेने रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. शेजाऱ्यांचा दर ७ वरून ९.५० झाला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. हप्ता बदलला नाही म्हणून घरात कुणाला काही कळलंही नाही.

आता हिशेब बघा. तेव्हा साधारण १४ लाख ४६ हजार मुद्दल शिल्लक होतं. ९.५० टक्क्यांनी त्याचं एका महिन्याचं व्याज ११,४४७ रुपये होतं. हप्ता ११,६२९ रुपयांचा. म्हणजे महिनाभर दुकानात उभं राहून भरलेल्या हप्त्यातून मुद्दलात जमा झाले फक्त १८२ रुपये. त्या गतीने कर्ज फिटायला आणखी ४४ वर्षे लागली असती. शेजारी आज पंचेचाळिशीच्या पुढे आहेत. पुढे बँकेच्याही हे लक्षात आलं आणि हप्ता १४,००० करण्यात आला. त्या वर्षी मुलीचं अकरावीचं ॲडमिशन होतं, त्यामुळे वाढलेला हप्ता चांगलाच झोंबला. “पुन्हा असं झालं तर?” ही भीती तेव्हापासून मनात बसली आणि त्यातूनच फिक्सचा विचार आला.

इथे एक गोष्ट मधेच सांगून टाकतो, कारण ती आमच्या मोहल्ल्यात ऐकायला मिळते. काही जणांचा समज आहे की दर फिक्स केला की ते व्याज राहत नाही, ठरलेल्या रकमेचा व्यवहार होतो, म्हणून त्यात सूद नाही. तसं नाही. फिक्स दर हाही व्याजाचाच दर आहे. फक्त तो बदलत नाही. सूदाचा मसला ज्यांना विचारायचा असेल त्यांनी तो आलिमांना विचारावा, तो सांगायचा आमचा अधिकार नाही. हा लेख ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहेच आणि जे ते फेडत आहेत, त्यांच्या हिशेबापुरता आहे.

आता नियम बघू, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. आमच्या शेजाऱ्यांसारख्यांचीच हकीकत डोळ्यांपुढे ठेवून ते काढलं असावं असं वाटतं. दर बदलताना कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं? मुदत इतकी वाढवू नका की हप्त्यातून व्याजही भागणार नाही. दर तिमाहीला सोप्या भाषेत एक विवरण द्या: आजवर मुद्दल किती आलं, व्याज किती आलं, हप्ता किती, हप्ते किती उरले, वार्षिक दर किती. आणि दर बदलताना फिक्स दरावर जाण्याचा पर्यायही द्या; त्याचं शुल्क मंजुरीपत्रात आणि दर बदलताना स्पष्ट सांगा. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं.

मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये अजून हेच येतं की ‘बँकेला फिक्सचा पर्याय द्यावाच लागतो’. पण २९ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने यात बदल केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून फिक्सचा पर्याय द्यायचा की नाही, हे बँकेच्या मर्जीवर आहे. बँक देऊ शकते, पण द्यावाच अशी सक्ती राहिली नाही. म्हणून पत्रात ‘नियमानुसार आपणास द्यावेच लागेल’ असं दरडावून लिहू नका. शाखाधिकाऱ्याला नवा नियम माहीत असतो आणि तुमचं पत्र एका ओळीत बंद होतं. ‘आपल्या बँकेच्या धोरणात असा पर्याय आहे का’ असं विचारा. शुल्क आणि अटी विचारण्याचा हक्क मात्र तुमचा आहेच.

त्याच दिवशीच्या त्याच बदलात दुसरीही एक गोष्ट आहे. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, पण आमच्या मते सामान्य कर्जदाराला तीच जास्त उपयोगाची आहे. पूर्वी स्प्रेडमधले काही भाग बँकेला तीन वर्षांतून एकदाच बदलता येत. आता कर्जदाराच्या फायद्यासाठी बँक ते तीन वर्षांच्या आतही कमी करू शकते. म्हणजे फिक्सवर न जाता, ‘माझा स्प्रेड कमी करा’ एवढंच मागता येतं. पत्रात एक कलम त्यासाठी ठेवलं आहे.

आता ‘फिक्स’ या शब्दाकडे येऊ. आपल्याला वाटतं फिक्स म्हणजे कर्ज फिटेपर्यंत फिक्स. बँकेच्या कागदात तसं असेलच असं नाही. काही ठिकाणी दर पहिली दोन, तीन किंवा पाच वर्षेच फिक्स असतो आणि नंतर कर्ज आपोआप फ्लोटिंग होतं. काही ठिकाणी दर पूर्ण मुदतीसाठी फिक्स म्हणतात, पण करारात एक ओळ असते की ठराविक वर्षांनी किंवा बाजारात असाधारण परिस्थिती आली तर बँक दराचा फेरविचार करील. ती ओळ शोधायची असेल तर पहिल्या पानावर शोधू नका. ती अटी-शर्तींच्या बारीक अक्षरांत असते. म्हणून पत्रात ‘फिक्स दर किती’ एवढंच न विचारता ‘कोणत्या तारखेपर्यंत फिक्स’ असं विचारायचं. तारीख लिहून आली की त्यात पळवाट राहत नाही.

दुसरी अडचण मुदतीआधी पैसे भरण्याची. फ्लोटिंग गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मधेच जादा रक्कम भरली किंवा सगळं कर्ज फेडलं तरी बँक दंड घेऊ शकत नाही. गृहकर्जांसाठी हा नियम २०१२ पासून आहे. फिक्सवर गेलात की हे संरक्षण सुटतं, कारण फिक्स कर्जावर बँक आपल्या धोरणाप्रमाणे शुल्क लावू शकते. आमच्या शेजाऱ्यांना वडिलोपार्जित जमिनीच्या हिश्श्यातून पुढच्या वर्षी दोनेक लाख मिळायचे आहेत आणि ते कर्जात भरायचे आहेत. बँकेचं शुल्क समजा २ टक्के असेल तर दोन लाखांवर ४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२० रुपये. स्वतःचं कर्ज स्वतःच्या पैशाने लवकर फेडायला ४,७२० रुपये. ज्यांच्याकडे पीक, पेन्शनची रक्कम, भिशी किंवा परदेशातल्या मुलाकडून मधूनमधून पैसा येतो, त्यांनी हा मुद्दा फिक्सच्या दराइतकाच महत्त्वाचा धरावा.

राहिलं बदलाचं शुल्क. त्याला बँका रूपांतर शुल्क, कन्व्हर्जन फी किंवा स्विच फी असं काहीही म्हणतात. बहुतेक वेळा ते शिल्लक मुद्दलाच्या टक्क्यांत असतं, कुठे ठोक रकमेत असतं. ऐकायला ‘अर्धा टक्का’ फार वाटत नाही. पण तो अर्धा टक्का हप्त्यावर नसून शिल्लक मुद्दलावर असतो. शेजाऱ्यांचं मुद्दल १३ लाख ३० हजार उरलं आहे. त्याचा अर्धा टक्का ६,६५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१९७, एकूण ७,८४७ रुपये. शुल्क विचारताना चार गोष्टी विचारा: टक्का किती आणि कोणत्या रकमेवर, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, जीएसटी धरून की सोडून, आणि ते रोख भरायचं की कर्जात मिसळणार. कर्जात मिसळलं तर त्या शुल्कावरही कर्ज फिटेपर्यंत व्याज चालू राहतं. नवा करार करावा लागत असेल तर स्टँपचा खर्च वेगळा असू शकतो, तोही विचारा.

आता अर्ज आणि पत्रातला फरक. शेजाऱ्यांनी आणलेल्या कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘तरी माझे कर्ज फिक्स दरात करून द्यावे ही विनंती’. हे वाक्य म्हणजे संमती. शाखेने ते पुढे पाठवलं, शुल्क खात्यातून कापलं आणि दर बदलला, तर नंतर ‘आम्ही फक्त चौकशी केली होती’ म्हणायला जागा उरत नाही. म्हणून पहिलं पत्र चौकशीचंच असावं आणि त्यात तसं साफ लिहिलेलं असावं. उत्तर आल्यावर हिशेब करायचा आणि मग हवं असेल तरच अर्ज करायचा. आम्ही दिलेलं पत्र असं होतं:

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे नाव), शाखा पाथरी, जि. परभणी.

दिनांक:

विषय: गृहकर्ज खाते क्र. …… फ्लोटिंग दरातून फिक्स दरात बदलण्याबाबत व त्यासाठीच्या शुल्काबाबत माहिती मिळणेबाबत.

महोदय,

मी व माझी पत्नी (सहकर्जदार) यांनी आपल्या शाखेतून एप्रिल २०२१ मध्ये रु. १५,००,०००/- गृहकर्ज घेतले आहे. कर्ज फ्लोटिंग दराचे असून हप्ते नियमित चालू आहेत. दर फिक्स करून घेण्याचा आम्ही विचार करीत आहोत. निर्णय घेण्यापूर्वी खालील माहिती लेखी मिळावी.

१) आजच्या तारखेस आमच्या कर्जाचा दर कोणत्या दराशी जोडलेला आहे, त्यावरील स्प्रेड किती, एकूण दर किती, शिल्लक मुद्दल व शिल्लक हप्ते किती?

२) चालू गृहकर्ज फ्लोटिंगमधून फिक्स दरात बदलण्याचा पर्याय आपल्या बँकेच्या धोरणात आहे का? असल्यास तो केव्हा व किती वेळा वापरता येतो? पुन्हा फ्लोटिंगमध्ये येता येते का?

३) आमच्या कर्जास लागू होणारा फिक्स दर किती? तो कोणत्या तारखेपर्यंत कायम राहील? त्या मुदतीत दर बदलण्याचा अधिकार बँकेकडे ठेवणारी अट करारात असल्यास त्या अटीची प्रत मिळावी.

४) बदलाचे शुल्क किती, ते कोणत्या रकमेवर आकारले जाते, त्याची किमान व कमाल मर्यादा काय, जीएसटी किती? स्टँप, कागदपत्रे इत्यादींचा वेगळा खर्च आहे का? शुल्क आम्हांस स्वतंत्रपणे भरता येईल का? मागणी मंजूर न झाल्यास ते परत मिळेल का?

५) बदलानंतर मुदत तीच ठेवल्यास हप्ता किती होईल आणि हप्ता तोच ठेवल्यास मुदत किती होईल, हे दोन्ही कळवावे.

६) फिक्स दरात गेल्यावर मुदतीआधी अंशतः किंवा पूर्ण परतफेड केल्यास शुल्क लागेल का? किती?

७) फिक्स दराऐवजी फ्लोटिंगमध्येच राहून आमचा स्प्रेड कमी करून मिळू शकतो का? त्यासाठी शुल्क किती?

हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. यास दर बदलण्याची संमती समजू नये व या पत्राच्या आधारे आमच्या खात्यातून कोणतेही शुल्क वजा करू नये.

आपले विश्वासू,
(कर्जदार व सहकर्जदार, दोघांच्या सह्या, पत्ता, मोबाईल क्रमांक)

सहकर्जदाराची सही विसरू नका. आपल्याकडे घर पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असतं, कर्ज दोघांच्या नावावर असतं आणि पत्रावर सही एकट्याची होते. मग शाखा पत्र परत करते आणि आठवडा जातो.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. इथेच लोक संकोच करतात. साहेब ओळखीचे असतात, चहा पाजतात, ‘अहो, शिक्का कशाला, मी बघतो ना’ म्हणतात. शेजाऱ्यांनाही पहिल्या दिवशी तोंडीच उत्तर मिळालं की ‘फिक्स आता बंद आहे’. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्का मागितला तेव्हा पत्र जिल्ह्याच्या कार्यालयाकडे गेलं आणि कळलं की बंद नाही. शाखेतल्या माणसाने मुद्दाम खोटं सांगितलं असंही नसेल. असा बदल वर्षातून एखाद्यानेच मागितला तर त्यालाही नेमकी माहिती नसते.

शिक्क्याच्या तारखेपासून ३० दिवस मोजा. माहिती मिळाली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार cms.rbi.org.in वर भरतात, पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. फक्त लोकपाल काय करू शकत नाही तेही लक्षात ठेवा. ‘मला फिक्स दर द्यायला लावा’ किंवा ‘दर कमी करायला लावा’ ही बँकेच्या धोरणाची बाब आहे, तिथे फारसं काही होणार नाही. पण शुल्क न सांगता कापलं, दर बदलला तेव्हा कळवलं नाही, तिमाही विवरण दिलं नाही, या सेवेतल्या त्रुटी आहेत आणि त्यांची तक्रार चालते.

शेजाऱ्यांना २३ दिवसांनी उत्तर आलं. दर आता ८.२५ टक्के, म्हणजे रेपो ५.२५ अधिक स्प्रेड ३. रेपो फेब्रुवारी २०२५ पासून टप्प्याटप्प्याने खाली आला आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी ५.२५ झाला, त्याचा हा परिणाम. शिल्लक मुद्दल १३,३०,००० आणि हप्ता १४,००० तसाच असल्याने उरलेले हप्ते १५५. फिक्स दर १०.२५ टक्के, तोही फक्त पाच वर्षांसाठी, नंतर पुन्हा फ्लोटिंग. शुल्क शिल्लक मुद्दलाच्या अर्धा टक्का अधिक जीएसटी, म्हणजे तेच ७,८४७ रुपये.

आता कागदावर बसलो. फिक्स घेतलं आणि हप्ते १५५ च ठेवले तर हप्ता १४,००० ऐवजी साधारण १५,५०० होतो. हप्ता १४,००० च ठेवला आणि तो दर शेवटपर्यंत धरला, तर १५५ ऐवजी १९६ हप्ते होतात. ४१ हप्ते जास्त, म्हणजे ५ लाख ७४ हजार रुपये. हा फरक रेपो आहे तिथेच राहिला असं धरून आहे. पण फिक्स घ्यायचंच मुळी रेपो वाढेल या भीतीने, म्हणून दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: फिक्स फायद्याचं ठरायला रेपो किती वाढावा लागेल?

१०.२५ मधून स्प्रेड ३ वजा केला की ७.२५ उरतात. रेपो ५.२५ वरून ७.२५ झाला तर नुसती बरोबरी. फायदा त्याच्या पुढे. असं होऊ शकतं का? होऊ शकतं. २०२२-२३ मध्ये नऊ महिन्यांत अडीच टक्के वाढ झालीच. २००८ मध्ये रेपो ९ टक्के होता, ऑक्टोबर २०११ मध्ये ८.५०, जानेवारी २०१४ मध्ये ८. तेव्हा ‘कधीच होणार नाही’ असं कुणी म्हणू नये. पण नुसतं वाढून चालत नाही. फिक्सच्या पहिल्या वर्षात साधारण २६-२७ हजार रुपये जास्त व्याज जातं, त्यात शुल्काचे ७,८४७. पहिली दोन वर्षे रेपो जागेवर राहिला तर साठेक हजार आधीच गेलेले असतात. उरलेल्या तीन वर्षांत रेपो ७.२५ च्या बराच वर जाऊन तिथे टिकला, तरच ते पैसे भरून निघणार. आणि पाच वर्षांनी कर्ज पुन्हा फ्लोटिंग.

बँकेने फिक्स दर १०.२५ ऐवजी ९ सांगितला असता आणि तो कर्ज फिटेपर्यंत दिला असता, तर आम्ही कदाचित वेगळं बोललो असतो. फ्लोटिंगपेक्षा पाऊण टक्का जास्त हा मनाच्या शांतीचा परवडणारा भाव आहे. ज्याचा पगार बांधलेला आहे, हप्ता पगाराच्या अर्ध्याच्या आसपास आहे आणि दोन हजारांची वाढही झेपणार नाही, त्याने थोडं जास्त मोजून फिक्स घेतलं तर त्याला आम्ही वेडा म्हणणार नाही. दोन टक्के आणि तेही पाच वर्षांसाठी, हा भाव मात्र आम्हाला जास्त वाटला.

मग सातव्या कलमाचं उत्तर बघितलं. स्प्रेड ३ वरून २.५० करता येईल, त्यासाठी वेगळा अर्ज आणि ठोक शुल्क. हप्ता १४,००० तसाच ठेवून दर ७.७५ झाला तर १५५ ऐवजी १४८ हप्त्यांत कर्ज फिटतं. साधारण ९५ हजार वाचतात आणि दोन लाख मधेच भरले तरी दंड लागत नाही. रेपो पुन्हा वाढला तर? वाढेल तेव्हा दर वाढेल, हे खरं आहे. पण आता त्यांना हे माहीत आहे की दर वाढल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात शाखेत जाऊन ‘मुदत वाढवू नका, हप्ता किती वाढवायचा ते सांगा’ असं लेखी द्यायचं. २०२२ मध्ये नुकसान दर वाढल्याने झालं त्यापेक्षा जास्त मुदत गुपचूप वाढल्याने झालं होतं.

ज्यांचं कर्ज २०१९ च्या आधीचं आहे त्यांनी पहिल्या कलमाचं उत्तर नीट वाचावं. दर रेपोऐवजी ‘एमसीएलआर’ किंवा ‘बेस रेट’शी जोडलेला असेल तर रेपो कमी झाल्याचा फायदा तुमच्यापर्यंत हळू पोहोचतो. अशा कर्जदाराने फिक्सच्या आधी रेपोवर येण्याची चौकशी करावी. ज्या फ्लोटिंग कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्याला या बदलासाठी वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्च सोडून शुल्क लावता येत नाही.

शेजाऱ्यांनी फिक्सचा विचार सोडला आणि स्प्रेड कमी करण्याचा अर्ज दिला, पुन्हा दोन प्रतींत. या वेळी अर्जात ‘विनंती’ हा शब्द होता, कारण आता खरंच करून घ्यायचं होतं. शिक्का मारलेली प्रत त्यांनी घराच्या खरेदीखताच्या फाईलमध्ये लावली आहे. मंजुरी यायची आहे.